बाईकला कुठलं इंजिन ऑइल टाकायचं? आधी मॅन्युअल उघडा, मग थर्मामीटर बघा, ब्रँड सगळ्यात शेवटी

उन्हाळा लागला की बाईकवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो, की बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे, कंपनीचं पातळ ऑइल काढून टाका आणि जाड ऑइल भरा, नाहीतर इंजिन बसेल. त्याखाली लगेच दुसरा लिहितो की मी तर फुल सिंथेटिकच वापरतो, तिसरा म्हणतो आमचा मेकॅनिक वीस वर्षं झाली सगळ्या गाड्यांना एकच डबा ओततो आणि कुणाचं काही बिघडलं नाही. बिचारा विचारणारा आणखी गोंधळतो आणि दुकानदार जे पुढे करेल ते घेऊन येतो.

खरं तर यात रॉकेट सायन्स नाही. डब्यावर चार गोष्टी लिहिलेल्या असतात, त्यातली एक थंडीसाठी, एक गरमीसाठी, एक क्लचसाठी आणि एक साधारण दर्जासाठी. या चारही गोष्टींची उत्तरं तुमच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये आहेत. हवामानाचा विचार करायचा तो त्या पुस्तकाने आखून दिलेल्या चौकटीच्या आत, बाहेर नाही. हे एवढं कळलं की मग ब्रँडचा प्रश्न फार छोटा होतो.

मॅन्युअलमध्ये नेमकं कुठे बघायचं

बहुतेकांचं मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत सीटखाली किंवा कपाटात पडलेलं असतं, आणि हरवलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल आणि वर्ष टाकून पीडीएफ मिळते. वर्ष नीट बघा, कारण एकाच नावाच्या गाडीला जुन्या मॉडेलमध्ये एक ग्रेड आणि नव्यात दुसराच असं खूप वेळा होतं. बीएस६ आल्यावर तर बऱ्याच गाड्यांची पुस्तकं बदलली.

पुस्तकाच्या शेवटाकडे स्पेसिफिकेशनचं पान असतं तिथे एक ओळ सापडते, उदाहरणार्थ "१०डब्ल्यू-४०, एपीआय एसएल किंवा वरचं, जासो एमए". यातलं एपीआय साधारण दर्जासाठी आणि जासो क्लचसाठी, ते पुढे बघू. काही कंपन्या एवढ्यावरच थांबतात. काही कंपन्या मेंटेनन्सच्या भागात एक छोटा तक्ता देतात, खाली तापमानाची पट्टी आणि वर वेगवेगळ्या ग्रेडच्या आडव्या रेघा. कुठली रेघ किती डिग्रीपासून किती डिग्रीपर्यंत जाते ते बघायचं. हा तक्ता म्हणजे या विषयातलं सगळ्यात उपयोगी चित्र आहे आणि तेच कुणी बघत नाही. तुमच्या पुस्तकात तो आहे की नाही यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, त्यामुळे आत्ताच बघून घ्या.

ते आकडे तापमानाचे नाहीत

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. वीसडब्ल्यू-५० मधले वीस आणि पन्नास म्हणजे वीस डिग्री ते पन्नास डिग्री असं नाही! मी शिकलेल्या माणसांकडून ऐकलंय, "आमच्याकडे अठ्ठेचाळीसपर्यंत जातं ना, म्हणून पन्नासवालं टाकतो." तो आकडा ऑइलच्या जाडीचा आहे, म्हणजे ते किती घट्ट वाहतं त्याचा, ज्याला विस्कॉसिटी म्हणतात. पुढे मी सरळ जाडीच म्हणतो.

ऑइलचं वागणं काकवीसारखं असतं, थंडीत हलायला तयार नाही आणि तापवलं की पाण्यासारखं पळतं. म्हणून एका आकड्यात काम भागत नाही, दोन लागतात. पहिला आकडा, ज्याच्या शेजारी विंटरचा डब्ल्यू असतो, तो सांगतो की कडाक्याच्या थंडीत इंजिन फिरू शकेल का. दुसरा आकडा सांगतो की इंजिन पूर्ण तापल्यावर, शंभर डिग्रीला, ऑइल किती जाड उरतं. तीस म्हणजे पातळ, चाळीस मधलं, पन्नास जाड.

आता पहिल्या आकड्याची गंमत अशी की त्याची चाचणी आपल्याकडे कधी न दिसणाऱ्या थंडीत होते. १०डब्ल्यूवाल्या ऑइलची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे २५ डिग्रीला आणि २०डब्ल्यूवाल्याची उणे १५ला. महाराष्ट्रात सगळ्यात थंड म्हणून निफाडचं नाव पेपरात येतं, तिथेही पारा सहसा शून्याच्या खाली जात नाही. म्हणजे बाईक चालूच होणार नाही या अर्थाने महाराष्ट्रात किंवा गोव्यात २०डब्ल्यूसुद्धा चालतं. मग पहिला आकडा सोडून द्यायचा का? नाही. डिसेंबरच्या सकाळी दहा डिग्रीला साधारण १०डब्ल्यू-३० ऑइलच्या मानाने २०डब्ल्यू-५० जवळजवळ तिप्पट जाड असतं. तापल्यावर हाच फरक पावणेदोन पटीवर येतो. म्हणजे थंडीत फरक जास्त जाणवतो. इंजिन सुरू झाल्यावर वरच्या कॅमपर्यंत ऑइल पोचायला तेवढा वेळ जास्त लागतो, आणि ते पहिले काही सेकंद धातूवर धातू घासण्याचे असतात. शिवाय क्लच प्लेटा जाड ऑइलमध्ये चिकटून राहतात, पहिला गिअर टाकला की गाडी क्लच दाबलेला असतानाही धक्का देऊन पुढे सरकते. नाशिककडच्या लोकांनी हे अनुभवलं असेल, फक्त त्याचा संबंध ऑइलशी लावला नसेल.

बाहेरची गरमी ऑइलपर्यंत पोचते का

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात की इंजिनच्या आत एवढा जाळ असतो, तिथे बाहेर तीस डिग्री असलं काय आणि पंचेचाळीस असलं काय, काय फरक पडतो. वॉटर कूल्ड गाडीच्या बाबतीत यात तथ्य आहे. तिथे थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचा फॅन मिळून पाण्याचं तापमान एका पट्ट्यात ठेवतात, त्यामुळे ऑइलचं तापमानसुद्धा फार बदलत नाही.

पण आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक शंभर ते दीडशे सीसीच्या गाड्या एअर कूल्ड. तिथे ऑइल आणि पंखांसारख्या फिन्स यांच्यातली उष्णता घेऊन जायला फक्त बाहेरची हवाच असते. इंजिन तेवढीच उष्णता तयार करतंय आणि हवा पंधरा डिग्रीने जास्त गरम आहे, तर ऑइलचं तापमानसुद्धा साधारण तेवढंच, पंधरा डिग्रीच्या आसपास वर जाऊन थांबतं. म्हणजे पुण्यात तीस डिग्रीला जी गाडी शंभर डिग्री ऑइलवर चालते, तीच चंद्रपूरला मे महिन्यातल्या दुपारी पंचेचाळीसमध्ये एकशे पंधराच्या आसपास चालेल.

ही पंधरा डिग्री जाडीत किती पडते? १०डब्ल्यू-४० घ्या. शंभर डिग्रीला त्याची जाडी १४च्या आसपास असते (युनिट काय ते सोडा, तुलना महत्त्वाची). एकशे पंधराला तीच १०च्या जवळ येते. आणि १० म्हणजे शंभर डिग्रीला १०डब्ल्यू-३०ची जेवढी जाडी असते साधारण तेवढीच. थोडक्यात ऑइल पंधरा डिग्रीने तापलं की ते एक ग्रेड पातळ झाल्यासारखं वागतं. चाळीस तिसासारखं वागतं, तीस विसासारखं, पन्नास चाळिसासारखं.

हे एक वाक्य लक्षात ठेवलं तर ग्रुपवरचे अर्धे वाद मिटतात. पुण्याहून चंद्रपूरला बदली झाली म्हणून जास्तीत जास्त एक ग्रेड वर जाण्याला अर्थ आहे, तेही पुस्तकाने परवानगी दिली असेल तर. तिसावरून थेट पन्नासावर उडी मारणं म्हणजे हवामानाने मागितलं त्याच्या दुप्पट देणं.

एक सांगायला हवं, की हवामान म्हणजे फक्त पेपरातलं तापमान नाही. हायवेवर साठच्या वेगाने जाताना फिन्सवर हवा बसत असते. संध्याकाळी हिंजवडीतून बाहेर पडायला पाऊण तास पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घसटत जाणारी एअर कूल्ड गाडी, हवा अडतीसच असली तरी, चंद्रपूरच्या हायवेवरच्या गाडीइतकी किंवा तिच्यापेक्षा जास्त तापू शकते. त्यामुळे तुमची रोजची गाडी कशी चालते ते पण हिशोबात धरा.

एक केस पूर्ण सोडवून बघू

माझ्या मामेभावाची नाशिकहून चंद्रपूरला बदली झाली. गाडी दीडशे सीसी, एअर कूल्ड. पहिल्या सर्व्हिसिंगला तिथला मेकॅनिक म्हणाला, "इथलं ऊन वेगळं आहे साहेब, पन्नासवालंच टाका." याने मला फोन केला, मी म्हटलं आधी पुस्तकाचा फोटो पाठव.

त्याच्या पुस्तकात तक्ता होता. मुख्य शिफारस १०डब्ल्यू-४०. तक्त्यात १०डब्ल्यू-३० ची रेघ खालून निघून तिशीच्या आसपास थांबत होती. १०डब्ल्यू-४० ची रेघ खालून निघून चाळीसच्या पुढे बाण काढून गेलेली. २०डब्ल्यू-५० ची रेघ दहा डिग्रीपासून सुरू होऊन तीही बाण काढून पुढे. जासो एमए, एपीआय एसएल किंवा वरचं.

आता हे वाचायचं कसं. चंद्रपूरला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे दहाच्या आसपास किंवा खालीही येतो. १०डब्ल्यू-३० मार्चपासून बाद, कारण त्याची रेघ तिशीलाच संपते. २०डब्ल्यू-५० उन्हाळ्यात बसतं, पण थंडीच्या पहाटे त्याच्या रेघेच्या बरोबर टोकावर किंवा बाहेर पडतं, आणि याची पहिली शिफ्ट असते म्हणजे पहाटे साडेपाचलाच किक. १०डब्ल्यू-४० दोन्हीकडे बसतं.

मग प्रश्न उरला की उन्हाळ्यात १०डब्ल्यू-४० पुरेल का. इथे मगाचा हिशोब कामाला येतो. कंपनीने स्वतःच तिशीच्या हवेत १०डब्ल्यू-३० चालेल असं छापलंय, म्हणजे त्या इंजिनला गरम असताना १०च्या आसपास जाडी पुरते. पंचेचाळीसच्या हवेत १०डब्ल्यू-४० नेमकं तेवढंच देतं. म्हणजे पुस्तकाचा तक्ता आणि आपला हिशोब जुळतोय. पन्नासची गरज कुठेच निघत नाही. मार्चमध्ये ऑइल बदलून जूनच्या शेवटाला परत बदलणार असाल तर २०डब्ल्यू-५० टाकणं चूक नाही, पुस्तकाचीच परवानगी आहे, पण मग जूनमध्ये आठवणीने परत चाळीसवर यायचं, आणि ही आठवण कुणी ठेवत नाही. म्हणून त्याला सांगितलं, बारा महिने १०डब्ल्यू-४०, जासो एमए२, आणि एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी लेव्हल बघ. एवढंच.

"पण माझ्या पुस्तकात एकच ग्रेड आहे"

शंभर-सव्वाशे सीसीच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तकात फक्त १०डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, तक्ता नाही. मग विदर्भातल्या माणसाने काय करायचं? माझं मत सरळ आहे, तेच टाका. तीच गाडी तीच कंपनी राजस्थानातही विकते आणि आंध्रातही, वॉरंटीसकट. एकच ग्रेड छापताना ती गरमी त्यांनी धरलेली असते. अशा छोट्या इंजिनांतले ऑइलचे रस्ते आणि पंप पातळ ऑइलच्या हिशोबाने बनवलेले असतात. जाड ऑइल टाकलं तर पंपाचं प्रेशर वाढलेलं दिसेल पण बेअरिंगमधून वाहणारं ऑइल कमी होतं, आणि ऑइलचं काम नुसतं घासणं थांबवणं नाही, उष्णता वाहून नेणंही आहे. जाड ऑइल घुसळायला इंजिनची ताकद खर्च होते, ती परत उष्णताच बनते. म्हणजे गाडी थंड ठेवायला म्हणून टाकलेलं ऑइलच थोडी गरमी वाढवतं, आणि पेट्रोलही जास्त पितं.

यावर लोक लगेच म्हणतात की कंपनी पातळ ऑइल मायलेजचे आकडे चांगले दिसावेत म्हणून सांगते. अर्धं खरं आहे. मायलेज आणि प्रदूषणाचे नियम हे पातळ ऑइलकडे जाण्याचं मोठं कारण आहेच. पण त्यासाठी इंजिनही तसंच बनवतात, फक्त पुस्तकातला आकडा बदलून मोकळे होत नाहीत. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला २०डब्ल्यू-५० चालायचं म्हणून नव्या सव्वाशे सीसीला चालेल असं होत नाही. रॉयल एनफिल्डच्याच नंतरच्या साडेतीनशेला १५डब्ल्यू-५० आलं, ट्विन साडेसहाशेला १०डब्ल्यू-५०. एकाच कंपनीत इंजिन बदललं की ग्रेड बदलतो, मग दुसऱ्याच गाडीचा ग्रेड तुमच्या गाडीला का लावायचा?

एकच ग्रेडवाल्याने उन्हाळ्यात करायचं ते वेगळं आहे. त्याच ग्रेडमध्ये मिनरलऐवजी सिंथेटिक घ्या आणि बदलण्याचं अंतर थोडं कमी करा. कारण पुढे सांगतो.

ऑइल गिअरबॉक्सही सांभाळतं, म्हणून जासो बघायचं

कारमध्ये इंजिनचं ऑइल वेगळं आणि गिअरबॉक्सचं वेगळं. बाईकमध्ये बहुतेक ठिकाणी एकच ऑइल इंजिन, गिअर आणि क्लच तिघांना पुरतं, आणि क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. यातून दोन भानगडी होतात.

पहिली म्हणजे घसरण. कारचं ऑइल बनवणारे मायलेजसाठी त्यात घसरण वाढवणारी रसायनं घालतात. इंजिनला ती बरी, पण क्लचला पकड हवी असते. कारचं ५डब्ल्यू-३० स्वस्तात मिळालं म्हणून बाईकमध्ये ओतलं की सपाट रस्त्यावर काही कळत नाही, घाटात वरच्या गिअरमध्ये अॅक्सिलेटर पिळला की इंजिनचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग मात्र तेवढाच. क्लच स्लिप म्हणतात ते हेच. डब्यावर एपीआयचं गोल चिन्ह असेल आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात "रिसोर्स कन्झर्व्हिंग" लिहिलं असेल तर तो डबा गिअरवाल्या बाईकसाठी नाही, सरळ ठेवून द्या.

हेच तपासायला जपानमध्ये जासोचं मानक बनलं. एमए म्हणजे पकड चांगली, त्यात एमए१ कमी आणि एमए२ जास्त पकडीचं. एमबी म्हणजे पकड कमी, मुख्यतः स्कूटरसाठी, कारण गिअरलेस स्कूटरचा क्लच कोरडा असतो आणि ऑइलमध्ये नसतोच. पुस्तकात एमए असेल तर एमए२ चालतं, एमए२ लिहिलं असेल तर एमए२च घ्यायचं. आणि हो, काही गिअरच्या गाड्यांच्या पुस्तकातही एमबी लिहिलेलं सापडेल, त्यांचे क्लच त्याच हिशोबाने बनवलेत, तेव्हा दचकू नका, पुस्तक म्हणतं ते खरं.

दुसरी भानगड म्हणजे गिअरचे दात ऑइल अक्षरशः कुटतात. दोन आकड्यांचं ऑइल बनवताना त्यात लांब साखळ्यांची पॉलिमर घालतात, त्यांच्यामुळे ते गरम झाल्यावर फार पातळ होत नाही. गिअरच्या दातांमध्ये या साखळ्या तुटतात आणि चाळीसचं ऑइल हळूहळू तिसाकडे सरकतं. नवीन ऑइलवर लोण्यासारखे पडणारे गिअर दीड-दोन हजार किलोमीटरनंतर खडखडायला लागतात, गरम गाडीला सिग्नलवर न्यूट्रल सापडत नाही, टॅपेटचा आवाज वाढतो, हे त्याचं लक्षण. काळा रंग हे लक्षण नाही, काळं तर चांगलं ऑइलही काजळी धरून लवकर होतं. उन्हाळ्यात अंतर कमी करा म्हटलं ते या कुटाईमुळे, कारण एकीकडे गरमीने एक ग्रेड गेलेला आणि दुसरीकडे कुटून अर्धा.

एपीआयची अक्षरं

यात फार वेळ घालवू नका. एसजी, एसएल, एसएम, एसएन, एसपी, असं अक्षर जेवढं पुढचं तेवढं मानक नवं. पुस्तकात एसएल असेल तर एसएन चालतं, उलटं नाही. सीने सुरू होणारं डिझेल इंजिनासाठी. झालं.

मिनरल, सेमी की फुल सिंथेटिक

इथे मार्केटिंग सगळ्यात जास्त आहे. १०डब्ल्यू-३० मिनरल आणि १०डब्ल्यू-३० सिंथेटिक दोन्ही गरम झाल्यावर एकाच जाडीच्या पट्ट्यात असतात, सिंथेटिक म्हणजे जाड असं काही नाही. फरक टिकण्यात आहे. सिंथेटिकचं मूळ तेल तापलं की कमी जळतं, कमी उडून जातं, आणि त्याला पॉलिमरचा आधार कमी लागतो म्हणून कुटाईतही जास्त टिकतं. म्हणून विदर्भ-मराठवाड्यातल्या एअर कूल्ड गाडीला ग्रेड न बदलता सिंथेटिकवर जाणं हा शहाणपणाचा पर्याय आहे. सेमी सिंथेटिकमध्ये सिंथेटिक किती टक्के असावं याची ठरलेली व्याख्या नाही, त्यामुळे एका कंपनीचं सेमी आणि दुसरीचं सेमी यांची नुसत्या नावावरून तुलना होत नाही.

जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं की लीक होतं, असं ऐकलं असेल. गॅस्केट आधीच गेलेलं असेल आणि त्यावर गाळ बसून भोक बुजलेलं असेल तर नवं ऑइल तो गाळ साफ करतं आणि लीक दिसायला लागतं. आजार आधीचाच असतो.

कोकण आणि गोव्यातल्या लोकांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे पारा फार चढत-उतरत नाही, पण हवेत ओल. रोज दोन किलोमीटर बाजार आणि परत अशी गाडी असेल तर इंजिन पूर्ण तापतच नाही, आत साठलेलं बाष्प उडत नाही आणि ऑइल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ, चहावरच्या सायीच्या रंगाचा थर दिसतो. हे कुठल्याच ग्रेडने सुटत नाही. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास नीट पळवा, आणि पुस्तकातली किलोमीटर किंवा महिने यातली महिन्यांची अट पाळा. कमी चालते म्हणून ऑइल दोन वर्षं ठेवणारे लोक मी बघितलेत, त्यांच्याच गाडीला आधी बदलायला हवं.

आता ब्रँड

ग्रेड, जासो आणि एपीआय जुळले की ब्रँडचा फरक लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी राहतो. बाईक कंपन्यांच्या स्वतःच्या रिफायनऱ्या नसतात, त्यांच्या नावाचं ऑइलही ऑइल कंपन्याच बनवून देतात. सर्वो, मॅक, एचपी या आपल्या सरकारी कंपन्यांची ऑइलं पेट्रोल पंपावर मिळतात, कॅस्ट्रॉल, शेल, मोटुल, गल्फ, वीडॉल, व्हॅल्व्होलिन दुकानात मिळतात, आणि प्रत्येकाकडे साधं आणि भारी दोन्ही माल आहे. एकाच ब्रँडच्या दोन डब्यांत जेवढा फरक असतो तेवढा दोन ब्रँडच्या सारख्या डब्यांत नसतो. म्हणून "मी अमुक ब्रँड वापरतो" हे वाक्य अर्धवट आहे, त्यातला कुठला डबा ते विचारायचं.

डबा हातात घेतल्यावर मी एक गोष्ट बघतो. जासोचं चिन्ह चौकटीत छापलेलं आणि त्यासोबत कोड नंबर असेल तर कंपनीने ते ऑइल जासोकडे रीतसर नोंदवलंय, आणि नोंदवलेल्या ऑइलची यादी जाहीर असते. नुसतं "जासो एमए२ च्या गरजा पूर्ण करतं" असं वाक्य असेल तर तो कंपनीचा दावा आहे. दावा खोटा असतो असं नाही, पण दोन डबे सारख्या किमतीचे असतील तर मी चौकटवाला उचलतो.

वॉरंटीत असलेल्या गाडीला बिल ठेवा. पुस्तकात "किंवा समतुल्य" लिहिलं असेल तर त्याच स्पेसिफिकेशनचं दुसरं ऑइल चालतं, पण सर्व्हिस सेंटरशी वाद झाला तर तोंडी सांगून भागत नाही, डब्याचा फोटो आणि बिल लागतं.

ब्रँडपेक्षा मोठी भीती डुप्लिकेट मालाची. रिकामे डबे गोळा होतात, त्यात काहीतरी भरून परत सील होतं. त्यामुळे झाकणाची रिंग अखंड आहे का, बॅच नंबर आणि तारीख खोडलेली नाही ना, क्यूआर कोड असेल तर स्कॅन होतो का, हे बघा. मेकॅनिककडे बदलत असाल तर डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि रिकामा डबा स्क्रू ड्रायव्हरने भोक पाडून टाका. मेकॅनिकला राग येतो कधी कधी, येऊ दे.

किती ओतायचं

पुस्तकात एक नाही, दोन किंवा तीन आकडे असतात. नुसतं ऑइल काढलं तर किती, फिल्टरही बदलला तर किती, आणि इंजिन पूर्ण खोललं तर किती. जाहिरातीत आणि नेटवर बहुतेक वेळा शेवटचा, सगळ्यात मोठा आकडा दिसतो, आणि तोच धरून लोक एक लिटरचा डबा पूर्ण रिकामा करतात. डबे ९०० मिलीचे, एक लिटरचे, १.२ लिटरचे असे मिळतात, तुमच्या आकड्याच्या जवळचा घ्या. जास्त झालं तर क्रँक ते घुसळून फेस करतो, फेसाळ ऑइल नीट पंप होत नाही आणि जास्तीचं एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन बसतं.

म्हणून थोडं कमी ओता, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा, तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि मग डिपस्टिक बघा. डिपस्टिक आटे फिरवून पूर्ण बसवून बघायची की नुसती आत टेकवून, हे गाडीगाडीला वेगळं असतं आणि चुकीच्या पद्धतीने बघितलं तर लेव्हल चुकते. बऱ्याच कम्युटर गाड्यांना नुसती टेकवायची असते. तुमच्या गाडीचं काय ते पुस्तकात ऑइल लेव्हलच्या चित्राखाली एका ओळीत लिहिलेलं आहे. वरच्या आणि खालच्या खुणेच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जरा खाली ऑइल आलं की झाकण लावा, आणि उरलेल्या डब्यावर मार्करने ग्रेड आणि तारीख टाकून ठेवा, टॉप-अपला तेच लागणार आहे.